पावसाळ्याचा सहगुणक शून्याजवळ येतो आणि कटपॉइंट पटत नाहीत: क्रमिक लॉजिस्टिक रिग्रेशनमधील नेहमीची अडचण

तारकर्ली, देवबाग, गुहागर, हर्णै या किनाऱ्यावरील होमस्टेंमध्ये पाहुण्यांकडून अभिप्राय पत्रके भरून घेतली जातात. त्यांवर क्रमिक लॉजिस्टिक रिग्रेशन चालवणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहते. एकूण समाधान १ ते ५ या श्रेणीत मोजलेले असते, १ म्हणजे फार असमाधानी आणि ५ म्हणजे फार समाधानी. होमस्टे चालवणारे ठामपणे सांगतात की पावसाळ्यातला पाहुणा आणि हिवाळ्यातला पाहुणा यांच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि कच्ची पत्रके चाळली तरी तो दिसतो. मॉडेल मात्र पावसाळ्याचा सहगुणक जवळजवळ शून्य दाखवते. शिवाय खाली छापलेल्या चार कटपॉइंटांचा अर्थ लागत नाही, आणि ज्यांना लागल्यासारखा वाटतो त्यांनी पुष्कळदा तो चुकीचा लावलेला असतो.

या दोन तक्रारी स्वतंत्र दिसल्या तरी दुसरी सुटल्याशिवाय पहिलीचे कारण सापडत नाही, म्हणून कटपॉइंटांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. पुढील आकडे प्रत्यक्ष सर्वेक्षणातले नाहीत. हाताने पडताळता यावेत अशा बेताने ते मुद्दाम रचले आहेत, पण त्यांची घडण अशा पत्रकांत नेहमी आढळते तशीच आहे.

| श्रेणी | कोरडा हंगाम (३०० पत्रके) | पावसाळा (२०० पत्रके) |
|---|---|---|
| १ | १२ | २० |
| २ | ३० | २६ |
| ३ | ७८ | ३६ |
| ४ | १२० | ५६ |
| ५ | ६० | ६२ |

कटपॉइंट कशाचे असतात

आर मधील `polr` आणि `clm` ही दोन्ही फंक्शने पुढील समीकरण वापरतात:

```
logit P(Y <= k) = zeta_k - beta * x
```

यातील `zeta_k` हे कटपॉइंट. पाच श्रेणी असल्या की ते चार असतात. `x` शून्य असताना, म्हणजे आपल्या उदाहरणात कोरड्या हंगामात, समाधान k किंवा त्याहून खाली असण्याचे लॉग-ऑड्स म्हणजे k क्रमांकाचा कटपॉइंट. याहून अधिक गूढ त्यात काही नाही. वरील आकड्यांवर साधे मॉडेल बसवले तर पावसाळ्याचा सहगुणक सुमारे ०.०६ येतो, त्याची प्रमाण त्रुटी ०.१६ च्या आसपास असते, आणि कटपॉइंट साधारण −२.६६, −१.५२, −०.३६ आणि १.१६ असे येतात. पहिला कटपॉइंट उलटा फिरवून संभाव्यतेत आणला तर साडेसहा टक्के मिळतात. कोरड्या हंगामातले साडेसहा टक्के पाहुणे ‘फार असमाधानी’ असावेत, असे हे मॉडेल म्हणत आहे. शेवटच्या कटपॉइंटावरून ७६ टक्के मिळतात, म्हणजे ‘फार समाधानी’ पाहुणे २४ टक्के ठरतात.

कटपॉइंटांमधील अंतरे सारखी नसतात आणि ती तशी असावीत अशी अपेक्षाही नाही. तिसऱ्या आणि चौथ्या कटपॉइंटामधील अंतर १.५२ आहे, तर पहिल्या दोघांमधील १.१४. याचा अर्थ ‘समाधानी’ या श्रेणीने सुप्त मापपट्टीवर अधिक जागा व्यापली आहे, म्हणजे ४ वरून ५ वर जाण्यासाठी पाहुण्याला अधिक खूश करावे लागते. श्रेणींना १ ते ५ गुण देऊन सरासरी काढणारी पद्धत नेमकी हीच माहिती पुसून टाकते.

आता ज्या कारणांनी कटपॉइंट पटेनासे होतात ती पाहू. सर्वांत आधी त्यांची नावे वाचावीत. पत्रकांत उत्तरे मराठी शब्दांत नोंदवलेली असतील आणि `factor` करताना श्रेणींचा क्रम स्पष्ट सांगितलेला नसेल, तर आर ते शब्द अकारविल्हे लावते: असमाधानी, ठीक, फार असमाधानी, फार समाधानी, समाधानी. मॉडेल कोणतीही कुरकूर न करता चालते, पण निकालात `ठीक|फार असमाधानी` असा कटपॉइंट छापलेला दिसतो. असे नाव दिसले की पुढचे काहीही न वाचता `levels` दुरुस्त करावेत.

दुसरे कारण चिन्हाचे आहे. वरील समीकरणात `beta` वजा होतो, त्यामुळे धन सहगुणक म्हणजे अधिक समाधान. स्टाटाच्या `ologit` मध्येही तसेच आहे. सॅसच्या `PROC LOGISTIC` मध्ये मात्र मूळ मांडणीत तो मिळवला जातो, म्हणून तेच आकडे दिले तर सहगुणकाचे चिन्ह उलटे येते. `rms` पॅकेजमधील `lrm` आणखी वेगळे आहे: ते k किंवा त्याहून वरच्या श्रेणीची संभाव्यता घेते, त्यामुळे त्याचे स्थिरांक चढत्या क्रमाने न येता उतरत्या क्रमाने येतात. दोन सॉफ्टवेअरांचे निकाल शेजारी ठेवून ‘एक चूक आहे’ असे ठरवण्यापूर्वी ही मांडणी पाहावी.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे आणि ते पायथन वापरणाऱ्यांना भोवते. `statsmodels` मधील `OrderedModel` पहिला कटपॉइंट जसाच्या तसा छापते, पण पुढचे तीन आकडे कटपॉइंट नसतात. लगतच्या दोन कटपॉइंटांमधील अंतराचा तो लॉगॅरिदम असतो, कारण अंतर कायम धन राहावे म्हणून मॉडेल त्या रूपात बसवले जाते. आपल्या उदाहरणात अंतरे १.१४, १.१६ आणि १.५२ आहेत, म्हणून पडद्यावर साधारण −२.६६, ०.१३, ०.१५ आणि ०.४२ असे दिसेल, आणि शेजारी `1/2`, `2/3` अशी नावेही असतील. इथे दुर्दैवाने हे आकडेही चढत्या क्रमाने आले आहेत, त्यामुळे शंका येण्याचे कारणच उरत नाही. ०.१३ हा खरोखर कटपॉइंट मानला तर निम्म्याहून अधिक पाहुणे, ५३ टक्के, असमाधानी किंवा फार असमाधानी ठरतात, आणि तक्त्यात तर ५०० पैकी ८८ च आहेत. खरे कटपॉइंट असे मिळतात (`k` ही सहगुणकांची संख्या):

```python
k = mod.exog.shape[1]
mod.transform_threshold_params(res.params[k:])
```

या उत्तराच्या दोन टोकांना ऋण आणि धन अनंत येते. मधले चार आकडे घ्यावेत.

चौथी बाब किरकोळ आहे, पण विचारली जाते. मॉडेलमध्ये खोलीचे भाडे रुपयांत घातले की सगळे कटपॉइंट एकदम दोन-तीन अंकांनी सरकतात, कारण `x` शून्य म्हणजे आता फुकट राहणारा पाहुणा, आणि असा पाहुणा पत्रकांत नाही. भाड्यातून सरासरी वजा करून घेतली की कटपॉइंट पुन्हा वाचनीय होतात. त्यांच्यातील अंतरे आणि भाड्याचा सहगुणक यांत काहीही बदल होत नाही.

मग पावसाळा शून्य का ठरला

कटपॉइंट नीट वाचता येऊ लागले की मॉडेलने वर्तवलेली टक्केवारी आणि तक्त्यातील टक्केवारी शेजारी ठेवता येते. मॉडेल म्हणते, ‘फार असमाधानी’ पाहुणे कोरड्या हंगामात ६.५ टक्के आणि पावसाळ्यात ६.२ टक्के. तक्ता म्हणतो, ४ आणि १० टक्के. वरच्या टोकाला मॉडेल २४ आणि २५ टक्के सांगते, तक्ता २० आणि ३१. म्हणजे दोन्ही टोकांना पावसाळा अधिक आहे आणि मॉडेलला ते मुळीच दिसलेले नाही.

याचे मूळ प्रपोर्शनल ऑड्सच्या गृहीतकात आहे. १९८० मध्ये मॅक्युलाने मांडलेल्या या मॉडेलमध्ये `beta` ला k चा निर्देशांक नाही, म्हणजे श्रेणींची विभागणी कुठल्याही कटपॉइंटापाशी केली तरी पावसाळ्याचा परिणाम एकच असावा अशी अट आहे. ती पाळली जाते का हे पाहण्यासाठी लगेच चाचणीकडे धावण्याची गरज नाही. प्रत्येक कटपॉइंटापाशी दोन्ही हंगामांचे संचयी लॉग-ऑड्स हाताने काढावेत:

| विभागणी | कोरडा हंगाम | पावसाळा | फरक |
|---|---|---|---|
| १ पर्यंत | −३.१८ | −२.२० | ०.९८ |
| २ पर्यंत | −१.८२ | −१.२१ | ०.६१ |
| ३ पर्यंत | −०.४१ | −०.३६ | ०.०४ |
| ४ पर्यंत | १.३९ | ०.८० | −०.५९ |

गृहीतक खरे असते तर शेवटच्या स्तंभात एकच आकडा, नमुन्याच्या चढउतारापुरता हलत, चार वेळा दिसला असता. इथे तो ०.९८ पासून सुरू होऊन शून्य ओलांडतो आणि −०.५९ पर्यंत खाली जातो. खालच्या विभागणीपाशी पावसाळा असमाधान वाढवतो, वरच्या विभागणीपाशी तो ‘फार समाधानी’ पाहुणेही वाढवतो, आणि एकच सहगुणक काढायला सांगितले की दोन्ही ओढी एकमेकींना खाऊन टाकतात. ०.०६ हा आकडा ‘परिणाम नाही’ असे सांगत नसून परस्परविरोधी परिणामांची बेरीज सांगतो.

आता चाचणी. `ordinal` पॅकेजमध्ये ती अशी करता येते:

```r
d$samadhan <- factor(d$samadhan, levels = 1:5, ordered = TRUE)
m1 <- clm(samadhan ~ paus, data = d)
nominal_test(m1)
scale_test(m1)
```

`nominal_test` प्रत्येक कटपॉइंटाला स्वतंत्र परिणाम देऊन पाहते. या आकड्यांवर काय-वर्ग २२ च्या आसपास येतो, स्वातंत्र्यांश ३ असतात, आणि गृहीतक टिकत नाही हे स्पष्ट होते. ब्रँटची १९९० ची चाचणीही हेच काम वेगळ्या वाटेने करते. चाचणीच्या निकालावर एकट्याने विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हजारो पत्रके असली की ०.४० आणि ०.४८ एवढ्या नगण्य फरकावरही ती गृहीतक नाकारते, आणि एखाद्या चौकटीत दोन-तीनच पत्रके असली की ती कोणत्याही बाजूने भलते उत्तर देते. सॅस जी स्कोअर चाचणी छापते ती तर गृहीतक गरजेपेक्षा अधिक वेळा नाकारते, ही तिची जुनी आणि नोंदलेली खोड आहे. फरकांचा वरील तक्ता काढला की चाचणी कशावर बोट ठेवते आहे ते डोळ्यांना दिसते. चिन्ह बदलत असेल तर दुर्लक्ष करता येत नाही. चिन्ह तेच राहून आकडा थोडा हलत असेल तर साधे मॉडेल ठेवावे आणि सहगुणकाला सरासरी परिणाम म्हणावे, त्यात गैर काही नाही.

दुरुस्ती: आधी फरकांचा आकार पाहावा

गृहीतक मोडले की बहुतेक मार्गदर्शिका थेट अंशतः प्रपोर्शनल ऑड्सचे मॉडेल सुचवतात. `clm` मध्ये ते असे लिहितात, आणि इथे `paus` मुख्य सूत्रातून काढून फक्त `nominal` मध्ये ठेवायचा असतो:

```r
m3 <- clm(samadhan ~ 1, nominal = ~ paus, data = d)
```

यातून पावसाळ्यासाठी एकाऐवजी चार आकडे मिळतात आणि ते तक्त्यातले फरकच असतात. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून कळते फारसे काही नाही. शिवाय भाडे किंवा वय यांसारखा सलग चल असा मोकळा सोडला तर एखाद्या टोकाच्या मूल्यापाशी संचयी रेषा एकमेकींना छेदू शकतात, आणि मग मधल्या एखाद्या श्रेणीची संभाव्यता ऋण निघते.

वरील तक्त्यातील फरक कसेही हललेले नाहीत, ते एका दिशेने उतरत गेले आहेत. कोरड्या हंगामाचे लॉग-ऑड्स −३.१८ पासून १.३९ पर्यंत पसरले आहेत, ते अंतर ४.५६. पावसाळ्याचे −२.२० पासून ०.८० पर्यंत, ते अंतर ३.००. मधल्या पायऱ्यांपाशीही हे गुणोत्तर ०.६० ते ०.७३ च्या दरम्यान राहते. म्हणजे पावसाळ्याचे कटपॉइंट सगळे एकाच प्रमाणात मध्याकडे आकसले आहेत. समाधानाची सुप्त मापपट्टी दोन्ही हंगामांत तीच आहे असे मानले तर याचा अर्थ असा की पावसाळी पाहुण्यांचे समाधान सरासरीने फारसे सरकलेले नाही, पण त्यांची पांगापांग सुमारे दीडपट आहे. हे मॉडेलला सांगण्यासाठी एकच अधिक आकडा पुरतो:

```r
m2 <- clm(samadhan ~ paus, scale = ~ paus, data = d)
anova(m1, m2)
```

`scale` खालचा सहगुणक लॉगॅरिदममध्ये येतो. इथे तो ०.४२ च्या जवळ असेल, आणि `exp` घेतल्यावर सुमारे १.५ मिळतात. स्थानाचा सहगुणक ०.१ च्या आसपास राहतो. तीन स्वातंत्र्यांश खर्चून जी सुधारणा मिळत होती तिचा जवळजवळ सगळा भाग इथे एकाच स्वातंत्र्यांशात मिळतो. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते: या मॉडेलमधील कटपॉइंट थेट वाचता येतात ते फक्त कोरड्या हंगामासाठी. पावसाळ्यासाठी आधी स्थानाचा सहगुणक वजा करून मग १.५ ने भागावे लागते. पहिल्या कटपॉइंटाचे उदाहरण घेतले तर −३.१८ मधून ०.१२ वजा केल्यावर −३.३०, त्याला १.५३ ने भागल्यावर −२.१६, आणि संभाव्यता १०.३ टक्के. तक्त्यातील १० टक्क्यांशी हे जुळते. या मॉडेलमध्ये पावसाळ्याचा एकच ऑड्स रेशो देता येत नाही, तेव्हा तो देण्याचा प्रयत्न करू नये.

पांगापांग का वाढली हा प्रश्न मॉडेलबाहेरचा वाटतो, पण तो टाळता येत नाही, कारण गृहीतक मोडण्यामागे पुष्कळदा एखादा राहून गेलेला चल असतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर दोन अगदी वेगळ्या प्रकारचे लोक येतात. काही जण पाऊस, धबधबे, हिरवे सडे यांसाठीच येतात, पडवीत बसून कोसळता पाऊस पाहतात आणि ५ देऊन जातात. काही जण सुट्टी जुळली म्हणून येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताटात सुरमई नसते, समुद्र खवळल्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते, त्यात रात्री लाईट जाते, आणि पत्रकात १ पडतो. ‘येण्याचा हेतू’ हा प्रश्न पत्रकात असेल तर तो आणि त्याची पावसाळ्याशी आंतरक्रिया मॉडेलमध्ये घालून `scale_test` पुन्हा चालवावी. पांगापांगीचा परिणाम त्यानंतर विरला तर `scale` ची गरजच नव्हती, आणि हेतूनुसार वेगळे काढलेले परिणाम होमस्टे चालवणाऱ्याला अधिक उपयोगाचे असतात. हा प्रश्न पत्रकात नसेल तर `scale` ठेवावा आणि कारण माहीत नाही असे अहवालात लिहावे.

अहवालात सहगुणकांऐवजी संभाव्यता द्याव्यात. १ किंवा २ देणारे पाहुणे १४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर जातात आणि ५ देणारे २० वरून ३१ वर, ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की वाचणाऱ्याला दुसरे काही समजावून सांगावे लागत नाही. विश्वासांतरे मात्र जोडावीत. ती काढताना हेही ध्यानात ठेवावे की एकाच घरातील वीस पत्रके म्हणजे वीस स्वतंत्र साक्षी नव्हेत, कारण त्या सगळ्यांनी त्याच काकूंच्या हातचे जेवलेले असते. घरांची संख्या पुरेशी असेल तर घरवार बूटस्ट्रॅप करावा, म्हणजे पत्रके न निवडता घरे निवडावीत आणि निवडलेल्या घराची सगळी पत्रके एकत्र घ्यावीत. घर हा यादृच्छिक परिणाम म्हणून घालून पांगापांगही बदलू द्यायची असेल तर `brms` मधील `cumulative` कुटुंब उपयोगी पडते, परंतु तिथे `disc` हा पांगापांगीचा व्यस्त असतो. वरील उदाहरणात त्याचा लॉगॅरिदम −०.४२ च्या बाजूला येईल, आणि ऋण चिन्ह पाहून पावसाळ्यात मतभेद कमी झाले असा निष्कर्ष काढू नये.